शून्य दिवस येणारी मुलं: कॅन्टीनच्या सर्वेक्षणाची गोष्ट

प्रश्न: मी कोल्हापुरात माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. नववीच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहायची आहे, ज्यात शिक्षक एका विद्यार्थिनीला शाळेच्या कॅन्टीनच्या सर्वेक्षणावरून नमुना निवडीतली चूक समजावतात. दोन मसुदे लिहून झाले, पण वाचल्यावर मुलं एवढंच म्हणतात, ‘तिनं जास्त मुलांना विचारायला हवं होतं.’ गोष्ट नेमकी कुठं चुकतेय?

उत्तर:

मुलांच्या त्या एका वाक्यातच मसुद्याचा दोष सापडतो. नमुना लहान असणे आणि नमुना एका बाजूला झुकलेला असणे या दोन निराळ्या खोटी आहेत, आणि तुमच्या गोष्टीत त्या बहुधा एकत्र आल्या असाव्यात. नायिकेने दहा-पंधरा मैत्रिणींना विचारले असेल, तर वाचणाऱ्याचे लक्ष त्या दहा-पंधरांवरच खिळते. ती कुठे उभी राहून विचारत होती याकडे कोणी पाहत नाही. लहान नमुन्याची चूक कधी वर जाते, कधी खाली, आणि संख्या वाढवली की आटोक्यात येते. झुकलेल्या नमुन्याची चूक मात्र दर खेपेला एकाच बाजूला पडते. तराजूला पासंग असेल तर त्यावर एकदा तोलले काय किंवा शंभरदा तोलले काय, माप तेवढेच खोटे येते. संख्याशास्त्राच्या परिभाषेत या दुसऱ्या खोटीला ‘अभिनती’ म्हणतात. वर्गात मी ‘झुकाव’ म्हणते, कारण ऐकताक्षणी मुलांना तो दिसतो.

मी गेली वीस-बावीस वर्षे कोल्हापुरात महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवते आणि अधूनमधून घरोघरच्या पाहण्यांसाठी मुलांना तयार करते. त्या अनुभवावरून माझी पहिली सूचना अशी की, नायिकेला शक्य तितकी काळजीपूर्वक वागू द्या. तिचा नमुना पुरेसा मोठा असू दे, तिने ओळखीच्या मुलांना टाळलेले असू दे, प्रश्नही सरळ असू दे. म्हणजे दोष द्यायला एकच जागा उरेल. दुसरी सूचना अशी की, लिहिण्याआधी सगळ्या शाळेचे खरे आकडे स्वतःपुरते ठरवून ठेवा, कारण ते माहीत असल्याशिवाय नमुना किती झुकला हे लेखकालाही सांगता येत नाही.

मी असे आकडे धरले. शाळेत 1200 मुले आहेत आणि कॅन्टीन आठवड्याचे सहा दिवस उघडे असते. त्यांपैकी 150 मुले रोज येतात, 300 मुले आठवड्यातून दोन दिवस येतात आणि उरलेली 750 कधीच येत नाहीत. ‘कॅन्टीन आहे तसेच चालू ठेवावे का?’ या प्रश्नाला रोज येणाऱ्यांतली 135, दोनदा येणाऱ्यांतली 150 आणि न येणाऱ्यांतली 150 मुले ‘हो’ म्हणतील. एकूण ‘हो’ झाले 435, म्हणजे शंभरात साधारण छत्तीस. ही संख्या गोष्टीतल्या कोणालाही ठाऊक नाही, हे लक्षात ठेवून पुढचे वाचा. मी वर्गात सांगते ती गोष्ट जवळपास अशीच्या अशी देते.

कॅन्टीनचा ठेका पुन्हा त्याच मामांना द्यायचा की नाही, हे ठरवण्याआधी मुख्याध्यापकांनी नववीतल्या सायलीला मुलांचे मत गोळा करायला सांगितले. बुधवारी मधल्या सुट्टीत ती कॅन्टीनच्या खिडकीपाशी वही घेऊन उभी राहिली आणि रांगेतल्या प्रत्येक पाचव्या मुलाला तिने दोन प्रश्न विचारले: कॅन्टीन आहे तसेच चालू ठेवावे का, आणि तू आठवड्यातून किती दिवस येतोस. सुट्टी संपली तेव्हा मामांनी 250 कूपने फाडली होती आणि तिच्या वहीत 50 उत्तरे होती. त्यांतली 37 ‘हो’ होती. संध्याकाळी ती गणिताच्या सरांकडे गेली.

“शंभरात चौऱ्याहत्तर मुलांना कॅन्टीन आहे तसंच हवंय, सर. मी ओळखीच्या कुणालाही मुद्दाम विचारलं नाही. रांगेतला पाचवा म्हणजे पाचवाच.”

“ते चांगलं केलंस,” सर म्हणाले. “आता सांग, ही शंभर मुलं कुठली?”

“आपल्या शाळेतली.”

“तुझ्या वहीत रोज येणारी किती आहेत?”

तिने मोजले. रोज येणारी 30 होती आणि आठवड्यातून दोन दिवस येणारी 20. तिसरा प्रकार वहीत नव्हताच.

सरांनी फळ्यावर सोमवार ते शनिवार असे सहा रकाने आखले. “रोज येणारा एक मुलगा घे. तू कुठल्याही दिवशी खिडकीपाशी उभी राहिलीस तरी तो रांगेत असणार. दोनच दिवस येणारी मुलगी घे. सहांपैकी चार दिवशी ती तुला दिसणारच नाही. मग तुझ्या वहीत यायची संधी दोघांना सारखी आहे का?”

“नाही. त्याला तिच्या तिप्पट आहे.” सायली थोडा वेळ गप्प राहिली. मग तिला तोडगा सुचला. “सर, मी सहाही दिवस उभी राहते आणि प्रत्येक कूपनवाल्याला विचारते. मग कुणीच सुटणार नाही.”

“रोज अडीचशे कूपनं धरली तर सहा दिवसांची उत्तरं किती होतील?”

“पंधराशे.” ती चमकली. “पण शाळेत मुलंच बाराशे आहेत.”

“म्हणजे काही जण तुझ्या वहीत सहा-सहा वेळा येतील. रोजचे दीडशे जण नऊशे उत्तरं देतील. आणि दोन दिवसवाले?”

तिने वहीवरून हिशेब केला. 50 उत्तरांत असे 20 आहेत, तर 250 कूपनांत 100 असतील. पण त्यांतला प्रत्येक जण सहांपैकी दोनच दिवस येतो, म्हणजे एकंदर अशी मुले 300, आणि आठवड्यात त्यांची उत्तरे 600. नऊशे आणि सहाशे. बुधवारच्या तीस आणि वीसचेच ते प्रमाण होते. तिने ‘हो’ मोजून पाहिले, तर पंधराशेंत 1110 आले. पुन्हा शंभरात चौऱ्याहत्तरच.

“हे दुरुस्त होईल का, सर?”

“जो सहा दिवस येतो त्याचं एक उत्तर सहांनी भाग. जो दोन दिवस येतो त्याचं दोनांनी भाग. कुणाला जास्त संधी मिळाली तेवढं त्याचं वजन कमी करायचं.”

तिने पाटी पुसून घ्यावी तशी वहीची नवी बाजू काढली. रोज येणाऱ्यांच्या 30 उत्तरांचे वजन झाले 5, दोन दिवसवाल्यांच्या 20 उत्तरांचे झाले 10. पहिल्या गटातल्या 27 ‘हो’चे वजन साडेचार, दुसऱ्या गटातल्या 10 ‘हो’चे वजन पाच. एकूण पंधरांपैकी साडेनऊ. “शंभरात त्रेसष्ट,” ती म्हणाली. “चौऱ्याहत्तरवरून त्रेसष्ट. आता बरोबर?”

“आता जी मुलं कधीच येत नाहीत, त्यांना कितीनं भागशील?”

“ती शून्य दिवस येतात, म्हणून...” सायली थांबली. “शून्यानं भागता येत नाही, सर.”

“आणि भागायला त्यांचं उत्तर तरी कुठं आहे?”

तिने मघाचा हिशेब पुन्हा पाहिला. 150 आणि 300 मिळून 450. बाराशेंतून साडेचारशे वजा करून तिने 750 लिहिले आणि त्या आकड्यापुढे काहीच लिहिता येईना. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती कॅन्टीनकडे गेलीच नाही. मागच्या पायऱ्यांवर, व्हरांड्यात, वर्गांत बसून मुले डबे खात होती. ज्यांची एसटी पहाटे निघते अशी पन्हाळ्याकडची, कागलकडची मुले त्यात होती. कोणी म्हणाले, खिडकीपाशी पोचेपर्यंत घंटा होते. कोणी म्हणाले, रोज पंधरा-वीस रुपये घरी मागवत नाहीत. एकाने तर उलट विचारले, “रांग लवकर सरकत असती तर मीपण आलो असतो. हे ‘हो’ धरणार की ‘नाही’?”

सरांनी मग तिला वीसही वर्गांचे हजेरीपट मिळवून दिले. प्रत्येक वर्गाच्या हजेरी क्रमांकांच्या चिठ्ठ्या करून तिने तीन-तीन उचलल्या आणि त्या साठ मुलांना, ती जिथे सापडतील तिथे जाऊन, तोच प्रश्न विचारला. ‘हो’ म्हणणारी 24 निघाली, म्हणजे शंभरात चाळीस. मुख्याध्यापकांना दिलेल्या कागदावर तिने दोन्ही आकडे लिहिले आणि प्रत्येकाखाली तो कुठे उभे राहून मिळवला, हेही लिहिले.

गोष्ट इथे संपते. आता तिच्या रचनेबद्दल थोडे.

या गोष्टीत झुकावाचे दोन थर आहेत आणि ते मी मुद्दाम वेगळे ठेवले आहेत. पहिल्या थरात संधी असमान आहे, पण किती असमान आहे ते माहीत आहे, म्हणून भागाकाराने ती दुरुस्त होते. दुसऱ्या थरात संधी शून्य आहे आणि तिथे कोणतेही गणित चालत नाही. उठून त्या मुलांपर्यंत जावेच लागते. पाठ्यपुस्तकांत सहसा दुसरा थर तेवढा येतो, पण मुलांना खरी मजा पहिल्यात वाटते, कारण खिडकीपाशी येणाऱ्या मुलांचेही खिडकीपाशी मिळणारे चित्र खोटे असते हे त्यांना अनपेक्षित असते. शिवाय ‘शून्याने भागता येत नाही’ हे नववीच्या मुलाला आधीच माहीत असल्यामुळे नायिकेला स्वतःलाच उत्तर सापडते आणि सरांना व्याख्यान द्यावे लागत नाही. पंधराशे उत्तरांचा प्रसंगही त्यासाठीच आहे. ‘जास्त मुलांना विचारायला हवे होते’ असे म्हणणाऱ्या वाचकाला तो तिथेच अडवतो.

शेवटचा आकडा मी जाणूनबुजून छत्तीस ठेवला नाही. साठ जणांच्या चिठ्ठ्यांच्या नमुन्यात दहा-बारा टक्के इकडेतिकडे होणे साहजिक आहे, म्हणून चाळीस हे प्रामाणिक उत्तर ठरते. तुमचा हेतू फक्त झुकाव शिकवण्याचा असेल तर याचा उल्लेख गोष्टीत करू नका. एखाद्या हुशार मुलाने विचारलेच, तर त्याला चिठ्ठ्या पुन्हा उचलून दाखवा.

चिठ्ठ्यांऐवजी ‘हजेरीपटातले प्रत्येक विसावे नाव’ अशी पद्धत घ्यावीशी वाटेल. ती सोपी आहे, पण तिच्यात एक फसवी जागा आहे. समजा प्रत्येक वर्गात 60 मुले आहेत आणि पटावर आधी 30 मुलगे, मग 30 मुली अशी नावे आहेत. सुरुवात सातव्या नावापासून केली, तर प्रत्येक वर्गातून 7, 27 आणि 47 हेच क्रमांक येतील, म्हणजे दोन मुलगे आणि एक मुलगी. वीस वर्गांचे मिळून 40 मुलगे आणि 20 मुली. सुरुवात पंधराव्यापासून केली तर नेमके उलटे. यादीची घडण आणि आपली उडी यांचे माप जुळले की असे होते. वर्गवार चिठ्ठ्या काढल्या की हा धोका जातो.

निवडलेले मूल त्या दिवशी गैरहजर असेल तर काय करायचे, याबाबत मात्र गोष्टीत एक ओळ जरूर घाला: शेजारच्या बाकावरच्याला विचारायचे नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. हा धडा मी स्वतः महागात शिकले आहे. करवीर तालुक्यातल्या एका गावात माझे विद्यार्थी घरोघर पाहणी करत होते. सकाळी अकराला जिथे कुलूप दिसे तिथे ते सरळ पुढच्या घरी जात आणि ठरलेली संख्या पूर्ण करत. संख्या पूर्ण झाली, पण ज्या घरांतली सगळी माणसे शिरोलीच्या एमआयडीसीत पाळीवर किंवा शेतात होती, ती घरे जवळजवळ निघूनच गेली, आणि कागदावरचे गाव खऱ्या गावापेक्षा बरेच अधिक म्हातारे झाले. पोरांनी आळस केला होता असे नव्हे. उघडे दार घ्यायचे नाही हे मीच त्यांना बजावले नव्हते.

तुमच्या वर्गात शेतकऱ्यांची मुले असतील तर भाताच्या पीक कापणी प्रयोगाचा दाखला त्यांना लगेच पटेल. शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून तेवढेच पीक कापायचे आणि त्यावरून उत्पादनाचा अंदाज बांधायचा. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात दाखवून दिले होते की, तुकडा फार लहान आखला तर उत्पादन खऱ्यापेक्षा जास्त दिसते. हद्दीवरचे रोप आत की बाहेर हे ठरवताना माणसाचा हात नकळत ते आत ओढतो, आणि तुकडा जितका लहान तितकी क्षेत्राच्या मानाने हद्द मोठी. असे लहान तुकडे कितीही घेतले तरी हात तोच असतो, म्हणून हा झुकाव सरासरीत विरत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. सायलीचा बुधवारचा नमुना प्रत्येक प्रश्नासाठी वाईट नाही. मामांना एवढेच जाणून घ्यायचे असते की आज खाणाऱ्यांना उप्पीट खारट लागले का, तर खिडकीपाशीच उभे राहायला हवे होते आणि भागाकाराचीही गरज नव्हती. नमुना झुकलेला आहे की नाही हे आपण कोणाविषयी बोलणार आहोत यावर ठरते, म्हणून गोष्टीत ठेक्याचा निर्णय सगळ्या शाळेचा आहे हे सुरुवातीलाच सांगून टाका. त्याचप्रमाणे दिवसांनी भागण्याची युक्ती तेव्हाच नीट चालते, जेव्हा अधूनमधून येणारी मुले सगळ्या दिवसांत सारखी विखुरलेली असतात. बुधवारी मिसळ असेल आणि ती सगळी बुधवारीच येत असतील, तर त्या दिवशीच्या रांगेवरून केलेला भागाकार उलट्या बाजूला चुकेल. मी मिसळ गोष्टीतून काढली ती यासाठीच. मुलांनी मामांच्या समोर खरे सांगितले असेल का, हाही प्रश्न रास्त आहे, पण तो उत्तरांच्या खरेपणाचा आहे, निवडीचा नाही. तो याच गोष्टीत आणलात तर मुले पुन्हा गोंधळतील. त्यासाठी दुसरी गोष्ट लिहा.

खऱ्या शाळेत छत्तीस टक्क्यांसारखा आकडा कोणी आधी सांगत नाही. मग झुकाव आहे हे ओळखायचे कसे, असे मुले विचारतीलच. यासाठी मी एक साधी तपासणी करते. सगळ्या शाळेबद्दल आधीच माहीत असलेली एखादी गोष्ट नमुन्यात मोजून पाहायची. एसटीच्या सवलतीच्या पासाच्या अर्जांवर शाळा सही-शिक्का देते, त्यामुळे पासवाली मुले किती हे कार्यालयात समजते. समजा ती 480 आहेत, म्हणजे शंभरात चाळीस. सायलीने खिडकीपाशी ‘तू एसटीने येतोस का’ एवढे जरी विचारले असते, आणि पन्नासांत वीसच्या जागी सहाच ‘हो’ निघाले असते, तर सरांकडे जाण्याआधीच तिला कळले असते की रांगेत सगळी शाळा उभी नाही. आकडा जुळला म्हणून नमुना निर्दोष ठरत नाही, कारण पासवाल्यांतही पैसे असणारे आणि नसणारे असतात. पण तो इतका फसला तर खिडकी सोडून हजेरीपटाकडे जाण्यावाचून इलाज नसतो. हा प्रश्न तिच्या वहीत तिसरा म्हणून घालायचा की नाही, हे तुम्ही ठरवा. मी तो एका वर्षी घातला होता, तेव्हा मुलांनी सरांच्या आधीच झुकाव पकडला आणि फळ्यावरच्या सहा रकान्यांपर्यंत गोष्ट पोचलीच नाही.